mtr मध्ये मधल्या हॉपवरचा लॉस पाहून लगेच तिकीट टाकू नका

मुंबई आणि सिंगापूर रीजनमधल्या दोन सर्व्हरांमध्ये पॅकेट गळत असतील, तर ज्या पोर्टवर त्रास होतोय त्याच पोर्टवर मुंबईहून चाचणी घ्या, 203.0.113.10 च्या जागी सिंगापूरच्या सर्व्हरचा पत्ता टाकून:

```
sudo mtr -rwzb -c 300 -T -P 443 203.0.113.10
```

साधारण पाच मिनिटांत रिपोर्ट मिळेल. तो खालून वाचा. शेवटच्या ओळीत `Loss%` शून्य असेल, तर मधल्या पाचव्या हॉपवर ६० टक्के दिसले तरी सोडून द्या. तो राउटर तुमची पॅकेट नीट पुढे पाठवतोय, फक्त स्वतःची आयसीएमपी उत्तरं मोजून-मापून देतोय. समजा आठव्या हॉपवर ४ टक्के लॉस सुरू झाला आणि तिथून शेवटपर्यंत तेवढाच राहिला, तर संशय सातव्या-आठव्याच्या दुव्यावर.

संशयच, कारण उत्तरं परतीच्या वेगळ्या वाटेनेही येतात आणि तिथली गळतीही इथेच दिसते. म्हणून त्याच वेळी सिंगापूरहून मुंबईकडेही mtr चालवा. आता हे पाहा:

```
sudo traceroute -T -p 443 -q 10 203.0.113.10
```

एकाच हॉपवर दोन-तीन पत्ते दिसले, तर ट्रॅफिक समांतर दुव्यांवर विभागला जातोय. त्यातला एकच दुवा खराब असला की काही कनेक्शन ठणठणीत चालतात आणि काही सतत रखडतात. प्रोव्हायडरला दोन्ही दिशांचे रिपोर्ट, यूटीसी वेळ आणि अडलेल्या कनेक्शनचे सोर्स पोर्ट द्या. क्लाउडच्या आतल्या खाजगी पीअरिंगवर मात्र मधले हॉप बहुधा दिसतच नाहीत.