कोर्सची व्हिडिओ जाहिरात लिहिताय? या चुका टाळा

नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांसाठीच्या कोर्सची स्क्रिप्ट हातात आली की मी आधी आकडा शोधतो. ‘९० टक्के विद्यार्थ्यांना नोकरी’ हे वाक्य असतंच. कितीपैकी, असं विचारलं की बहुतेक लिहिणारे गप्प होतात.

एकदा मीही विचारलं नव्हतं. डेटा अ‍ॅनालिसिसच्या कोर्ससाठी ३० सेकंदांची जाहिरात लिहिताना संस्थेने दिलेला ९० टक्क्यांचा आकडा तसाच घातला. फॉर्म भराभर आले. मग एका मुलीने फोनवर विचारलं, “एकूण प्रवेश किती होते?” यादी मागवली. प्रवेश ६०, प्रोजेक्ट पूर्ण करून मुलाखतींना गेलेले २०, नोकरी लागलेले १८. वीसातले अठरा म्हणजे ९० टक्के, पण साठातले अठरा म्हणजे ३०च. साठवलेले पैसे भरण्याआधी त्या मुलीला हाच आकडा हवा होता आणि मी तो झाकला होता. याची मला आजही लाज वाटते.

मी ओळ बदलली: “६० जणांनी प्रवेश घेतला. २० जणांनी प्रोजेक्ट पूर्ण केले. त्यांतल्या १८ जणांना नोकरी लागली.” फॉर्म कमी झाले, पण फोन करणारे आता प्रोजेक्ट कसले असतात, रोज किती वेळ द्यावा लागतो, हे विचारू लागले. तेव्हापासून यादी पाहिल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही.

‘सर खूप छान शिकवतात’ हा पुरावा नव्हे. घाईत असलेले नवे लेखक असं कौतुक गोळा करतात आणि काम झालं असं समजतात. मी विद्यार्थ्याला विचारतो: आधी कुठे अडत होतास? मुलाखतीत काय करायला दिलं? तू काय दाखवलंस? मग असं काहीतरी हाती लागतं: “त्यांनी विक्रीची फाइल दिली आणि दुबार नोंदी काढायला सांगितल्या. दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये मी तेच केलं होतं.” हे बोलणं चालू असताना पडद्यावर ती फाइलच दिसू द्या. चेहरा आणि नाव वापरायची परवानगी लेखी घ्या.

सुरुवातीला लोगो फिरवू नका. आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी सबटायटल द्या.

शेवटी ‘फोन करा, लिंक उघडा, पेजला फॉलो करा’ असं एका दमात सांगितलं की पाहणारा काहीच करत नाही. मी शेवटची ओळ सगळ्यात आधी लिहितो: “खालचं बटण दाबा आणि २० मिनिटांचा पहिला धडा मोफत पाहा.” एकच कृती आणि त्यानंतर काय मिळेल ते. बटण दाबल्यावर धडाच उघडला पाहिजे. लोक बटण दाबतात पण पुढे जात नाहीत, असं दिसलं तर स्क्रिप्टला हात लावण्याआधी ते पान स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघा. बऱ्याचदा तिथे धड्याऐवजी दहा रकान्यांचा फॉर्म असतो.