कुरोड्यांचा प्रत्येक घाणा सारखा निघावा म्हणून

आम्ही पाच जणी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात उन्हाळाभर कुरोड्या करून विकतो. पुण्याकडं त्यांना कुरडया म्हणतात. पहिल्या वर्षी नागपूरच्या एका ताईंचा फोन आला, "काऊन वो, मागच्या बारीच्या पांढऱ्याफेक होत्या, या तळल्या तर लाल काऊन निघून राह्यल्या?" पाकिटांवर घाण्याचा नंबर नव्हता, त्यामुळे लाल माल किती आणि कुठं गेला हे कळेना. उरलेल्या प्रत्येक पाकिटातली एकेक कुरोडी तळून पाहिली. लाल निघाल्या त्या सगळ्या गुढीपाडव्यानंतर केलेल्या होत्या.

तेव्हा घाईघाईनं एक यादी भिंतीवर लावली. गहू तीन दिवस भिजवणे, रोज पाणी बदलणे, चीक एक भांडं तर पाणी एक भांडं, दोन दिवस ऊन. प्रत्येक ओळीपुढं बरोबरची खूण. पुढच्या एप्रिलमध्ये सगळ्या खुणा असूनही घाणा लालच निघाला. यादी पाळली होती, पण यादीच चुकीची होती, कारण आम्ही दिवस मोजत होतो.

फेब्रुवारीच्या शेवटी तीन दिवसांत जेवढा गहू भिजतो, तेवढा एप्रिलच्या उन्हाळ्यात टिनाच्या शेडखाली दोन दिवसांतच भिजतो. तिसऱ्या दिवशी तो जास्त आंबतो आणि दाण्याला मोड यायला लागतो. मोड येताना दाण्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते आणि तीच साखर गरम तेलात लाल पडते. माझ्या सासूबाई दिवस कधीच मोजत नव्हत्या. दाणा चिमटीत दाबला की दुधासारखा पांढरा चीक पिचकन बाहेर यायला हवा आणि टरफल हातात राहायला हवं, एवढंच त्या पाहायच्या. आता यादीत तेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपासून, वरचे, मधले आणि तळाचे मिळून दहा दाणे दाबायचे. दहाही फुटले की त्याच वेळी दळायला घ्यायचं. उन्हाळ्यात पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायचं आणि भिजवणीचं भांडं सावलीत ठेवायचं.

दुसरी गडबड चिकाच्या पाण्याची. रात्रभर चीक तळाशी बसतो, सकाळी वरचं पिवळं पाणी ओततो. ते नीट निघालं नाही तरीही रंग बिघडतो. पण कोणी हलक्या हातानं सगळं ओतते, कोणी चीक जाईल या भीतीनं थोडं ठेवते. मग 'भांड्याला भांडं' पाणी घातलं तरी एक घाणा घट्ट आणि एक पातळ. यावर आम्हाला वजनकाटा कामी आला. स्टार्च पाण्याच्या साधारण दीडपट जड असतो, त्यामुळे चीक जितका दाट तितकं त्याच मापाचं वजन जास्त. चीक तळापासून ढवळून अर्ध्या लिटरचं माप काठोकाठ भरायचं. मापाचं वजन वजा करून 600 ग्रॅम भरलं की त्यात वजनानं निम्मा स्टार्च, निम्मं पाणी. एकदा 580 भरलं. फरक 20 ग्रॅमचाच, पण तेवढ्यात स्टार्च निम्म्यावरून सुमारे 41 टक्क्यांवर येतो. अशा वेळी शिजवताना अंदाजानं पाणी कमी करत बसू नका. चीक आणखी दोन तास बसू द्या, वरचं पाणी ओता आणि पुन्हा मोजा.

शिजल्याची खूण म्हणजे पांढरेपणा जाऊन चकाकी येते आणि ओलं बोट लावलं तर चिकटत नाही. कच्चा राहिला तर वाळल्यावर कुरोडीच्या तारा हातातच तुटतात, भुगा पडतो. मीठ चमच्यानं नको, तोलून घ्या, कारण बारीक आणि जाड मिठाचा चमचा सारखा भरत नाही.

वाळवणासाठी दहा कुरोड्या वेगळ्या ताटात ठेवतो. आज संध्याकाळी आणि उद्या संध्याकाळी तोलायच्या, वजन उतरलं नाही की वाळल्या. उतरलं तर आणखी एक ऊन. ढगाळ दिवस आला तर ही खूण फार उपयोगी पडते, वरून कोरडी दिसणारी कुरोडी आत ओली असते. उन्हातून उचललेल्या लगेच पाकिटात भरू नका, आत घाम धरतो. घरात गार होऊ द्या.

शेवटी प्रत्येक घाण्यातल्या तीन तळायच्या आणि रंग नमुन्याशी ताडून पाहायचा. पण नमुना म्हणून मागच्या वर्षीची तळलेली कुरोडी चालत नाही, ती मऊ आणि पिवळी पडते. चांगल्या घाण्यातल्या कच्च्या कुरोड्या हवाबंद डब्यात ठेवा आणि त्यातली एक त्याच तेलात, त्याच वेळी तळा.

आमच्या वहीत प्रत्येक घाण्याला एक पान आहे. वर नंबर, गहू कोणाच्या शेतातला, कोणत्या जातीचा आणि कोणत्या वेळी भिजवला. खाली दाणा, माप, ताट आणि तळण, या चार तपासण्यांचा आकडा किंवा निरीक्षण आणि पाहणारीचं नाव. तोच नंबर पाकिटावर. मूठभर कुरोड्या नंबर लिहिलेल्या बरणीत माल खपेपर्यंत राहतात. गेल्या उन्हाळ्यात फोन आला, "ताई, यावेळी खारट झाल्या." नंबर विचारला, ती बरणी उघडून एक तळली, खरंच खारट होती. वहीत त्या पानावर मिठाचा आकडा लिहायचा राहिला होता. त्या घाण्याची अकरा पाकिटं घरात होती, ती बाजूला काढली आणि बाकीची रवाना केली.