दोघांसाठीचा मील किट निवडताना फोटो नको, ग्रॅम बघा

आम्ही दोघं कांदिवलीत राहतो, घरी पोचायला साडेआठ होतात. तीन वर्षांत घरी शिजवायच्या मील किटचे चार कंपन्यांचे बॉक्स लावले आणि त्यातले तीन बंद केले. चिरलेली भाजी, मोजून दिलेला मसाला आणि कृतीचा कागद सगळेच देतात, तेव्हा मेन्यू बघून निवडू नका. मेन्यू सगळ्यांचेच सुंदर असतात.

आधी किंमत. पहिल्या आठवड्याची सवलत डोक्यातून काढून टाका. दुसऱ्या आठवड्याचं पूर्ण बिल, डिलिव्हरी आणि करासकट, कागदावर लिहा. एवढंच.

आता माप. मी फसले ती इथे, आणि एकदा नाही. बॉक्सवर 'दोघांसाठी' लिहिलेलं असतं, पण ते दोघं कोण हे कोणी सांगत नाही. आमचा पालक पनीरचा किट आला तेव्हा पाकिटावर निव्वळ वजन ५६० ग्रॅम होतं. मला वाटलं, भरपूर आहे. मग घटक वेगवेगळे वजनकाट्यावर ठेवले: पनीर १२० ग्रॅम, पालकाची पेस्ट २५०, तयार ग्रेव्ही १५०, उरलेलं लोणी आणि मसाला. म्हणजे माणशी ६० ग्रॅम पनीर, चार-पाच तुकडे. बाकी बहुतेक पाणीच. सोबत पोळी नाही, भात नाही. पावणेअकराला नवरा फ्रीजसमोर उभा राहून ब्रेडला लोणी लावत होता.

म्हणून बॉक्स मागवायच्या आधी एक काम करा. एका साध्या दिवशी नेहमीचा स्वयंपाक करताना कच्चा माल मोजून ठेवा. आमच्या दोघांना तांदूळ १५० ग्रॅम, पनीर असेल तर २००, चिरलेली फळभाजी ३०० लागते. तुमचे आकडे वेगळे येतील आणि तेच खरे. मग कंपनीच्या मेन्यूत प्रत्येक घटकाचं वजन दिलंय का ते शोधा. फक्त एकूण वजन असेल तर मेसेज करून विचारा. सांगत नसतील तर तो बॉक्स सोडा, यावर माझं दुसरं मत नाही. दोन गोष्टींनी डोळे फसतात: तांदूळ शिजून साधारण तिप्पट होतो, त्यामुळे १०० ग्रॅम कच्चा तांदूळ वाटतो तितका कमी नाही, आणि पालेभाजी उलट, मोठी पिशवी कढईत वाटीभर होते.

मापाशिवाय किंमत कळत नाही, म्हणून आता तो कागद परत काढा. आमचं बिल आठवड्याला तीन जेवणांचं १,४४० रुपये, म्हणजे सहा ताटं, ताटाला २४०. पोळी-भाजी केंद्रातून प्रत्येक वेळी चार पोळ्या, ४० रुपयांच्या. तीन वेळच्या १२०. ताट झालं २६०. एका आठवड्यात ऑफिसात उशीर झाला, एक किट फ्रीजमध्येच खराब झाला. त्या दिवशीच्या पोळ्या वाचल्या, पण १,५२० रुपयांत चारच ताटं झाली, ३८० ला एक. तेव्हापासून आम्ही तीनऐवजी दोनच जेवणांचा प्लॅन घेतो. तुम्ही आठवड्यातून खरंच किती रात्री गॅस पेटवता, हे प्रामाणिकपणे मोजा.

कचऱ्यासाठी पहिल्या बॉक्समधल्या पिशव्या ओट्यावर मांडून मोजा. माझ्या एका जेवणात अकरा निघाल्या, त्यातल्या एकीत चमचाभर मोहरी-जिरं! मिसळणाचा डबा नाही असं घर कुठे आहे? 'कोरडा मसाला नको' असा पर्याय देणारी कंपनी मिळाली तर तिला झुकतं माप द्या. पुठ्ठा आणि कडक प्लास्टिकचे डबे धुऊन ठेवले तर आमचा भंगारवाला नेतो. आतून चांदीसारख्या चमकणाऱ्या पिशव्या तो हातात घेऊन परत देतो. त्या थरांच्या असतात, ते थर वेगळे होत नाहीत आणि पिशव्या शेवटी कचराभूमीतच जातात. म्हणून दोन बॉक्स सारखे वाटले तर मी चमकत्या पिशव्या कमी असलेला घेते. बर्फाच्या जेलच्या पिशव्या परत नेतात का, तेही आधी विचारा. ते जेल सिंकमध्ये ओतू नका, ते पाणी शोषून फुगतं आणि पाइप तुंबतो.

डिलिव्हरीची वेळ तुम्ही घरी असतानाची घ्या. मे महिन्यात वॉचमनच्या केबिनमध्ये चार तास पडलेलं पनीर मी वास न घेताच टाकलं.

पैसे भरण्याआधी शेवटचं: आठवडा थांबवायची मुदत बघा. आमच्या एका कंपनीत पुढच्या सोमवारचा बॉक्स बुधवारी रात्रीपर्यंतच रद्द होत असे. गणपतीत आम्ही गावी होतो आणि बॉक्स दाराशी आला. आता बुधवारी रात्री नऊचा गजर फोनमध्ये कायमचा आहे.