गाडीच्या स्क्रीनवरचं गाणं मधेच बंद पडायचं, तेव्हा

फोन केबलने गाडीच्या स्क्रीनला जोडला की अँड्रॉइड ऑटो व्यवस्थित सुरू व्हायचं. पण पंधरा-वीस मिनिटांनी गाणं थांबायचं आणि गाण्यांचं अ‍ॅपच स्क्रीनवरून गायब व्हायचं. मी सरळ केबलला दोष दिला आणि दोन नव्या केबली आणल्या. पैसे वाया!

खरी खूण बायकोने पकडली. “अहो, गाणं गेलं, पण नकाशा तर चालूच आहे की!” केबल सैल असती तर नकाशाही गेला असता, चार्जिंगही तुटलं असतं. एकच अ‍ॅप जातंय म्हणजे फोनच ते बंद करतोय. बॅटरी वाचवायला फोन मागे चालणारी अ‍ॅप्स मारतो, आणि गाडीत फोनची स्क्रीन बंदच असते.

मग सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या माहितीत जाऊन बॅटरीखाली Unrestricted निवडलं. अँड्रॉइड ऑटोलाही तेच केलं आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवला. काही फोनांत हा पर्याय वेगळ्या नावाने असतो, थोडं शोधावं लागतं. पुढच्या पुणे-सातारा फेरीत गाणं एकदाही तुटलं नाही.

तुमच्याकडे खड्ड्यात आदळल्यावर सगळी स्क्रीनच जात असेल, तर मात्र आधी फोनचं पोर्ट बघा. खिशातला कापसासारखा कचरा तिथे दाबून बसतो आणि पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो हलकेच काढा. त्यानंतरही जमलं नाही तर केबल बदला, पण डेटा जाणारी आणि आखूडच घ्या. नुसती चार्जिंगची इथे चालत नाही.