संडास-बाथरूम धुताना ॲसिड आणि हायपो एकत्र येऊ नयेत म्हणून काय करावं

सांगली-मिरजेत ज्या इमारतींना बोअरचं पाणी आहे, तिथं संडासच्या भांड्यावर आणि फरशीवर क्षार धरतो. साबणाने तो निघत नाही, म्हणून ॲसिड ओततात. दवाखान्यात त्याच संडासात जंतू मारायला हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, वापरावं लागतं. दोन्ही कामं खरी, दोन्ही द्रव गरजेचे. घात होतो तो दोन्ही कामं एकाच फेरीत उरकताना. घरीही हेच घडतं, फक्त तिथं हायपोच्या जागी कपड्यांचं ब्लीच किंवा ब्लिचिंग पावडर असते.

हायपोतला क्लोरीन द्रवात बांधलेला राहतो, कारण ते द्रव अल्कधर्मी असतं. ॲसिड पडलं की ही बांधणी सुटते आणि क्लोरीन वायू होऊन बाहेर येतो. संडास धुण्याच्या बाटलीतलं हायड्रोक्लोरिक ॲसिड असो, पितळ घासायचं सायट्रिक ॲसिड असो की व्हिनेगर, परिणाम त्याच दिशेचा.

किती वायू सुटतो याचा हिशेब करून पाहू. समजा ४ बाय ५ फुटांचं, ८ फूट उंचीचं बाथरूम आहे. त्यात साधारण ४,५०० लिटर हवा मावते. भांड्यात ५ टक्के हायपो अर्धा कप, म्हणजे १०० मिली, पडून आहे आणि त्यावर कोणी तेवढंच १० टक्क्यांचं ॲसिड ओतलं. सगळा क्लोरीन सुटला तर तो दीड लिटरच्या आसपास भरतो. हवेच्या दहा लाख भागांत तीनशेहून जास्त भाग क्लोरीन. त्यातला दहावा हिस्साच बाहेर आला तरी ३० भाग होतात, आणि १० भागांची पातळीच जिवाला तात्काळ धोका देणारी मानतात. शिवाय हा वायू हवेच्या अडीच पट जड, त्यामुळे तो खाली फरशीलगत साठतो. उकिडवं बसून भांडं घासणाऱ्या मावशींचं तोंड नेमकं तिथंच असतं. अर्धा कप म्हणजे काही फार नव्हे, बाटलीतून अंदाजाने ओतलेलं त्याहून सहज जास्त होतं.

पहिलं काम: वार वेगळे करा. एकाच दिवशी आधी एक, मग दुसरं, ही सवय मोडा. क्षार काढायचा एक वार ठरवा, उदाहरणार्थ रविवार, आणि त्या दिवशी त्या संडासात हायपो घालूच नका. रोजच्या धुण्यात आधी साबण, मग भरपूर पाणी, मग हायपो, असा क्रम ठेवा. दवाखान्यात एखाद्या खोलीत दोन्ही एकाच दिवशी टाळता येत नसेल, तर आधी ॲसिडने क्षार काढा, नंतर दोन-तीनदा फ्लश करा, फरशी आणि कडा धुवा, आणि हायपोची पाळी दुसऱ्या सत्रात ठेवा. भांड्याच्या तळाच्या वाकात जे पाणी थांबतं, त्यात ॲसिड मुरलेलं असतं. वरची फरशी स्वच्छ दिसली म्हणून ते गेलं असं समजू नये.

दुसरं: बादली, मग आणि ब्रश वेगळे. अपघात फक्त बाटलीतून ओततानाच नव्हे, ब्रशातूनही होतात. ॲसिडचा ब्रश हायपोच्या बादलीत बुडवला की तिथंच फसफस सुरू होते. ब्रशाच्या दांड्याला रंगीत चिकटपट्टी लावा: ॲसिडसाठी लाल, हायपोसाठी निळी. रंग कोणता हे महत्त्वाचं नाही, साऱ्या पाळ्यांना तोच ठाऊक असणं महत्त्वाचं आहे. रात्रपाळीच्या मामांना माहीत नसेल तर पट्टीचा उपयोग नाही.

तिसरं: बाटली बदलू नका. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ॲसिड भरून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे फार पसरलेली आहे. दोन्ही द्रव रंगाने फिके किंवा पारदर्शक असू शकतात आणि मूळ चिठ्ठी गेली की ओळखायला काहीच उरत नाही. वास घेऊन ओळखायचा प्रयत्न तर करूच नये.

चौथं: हायपो योग्य पाण्यात करा. दवाखान्यात बहुतेक कामांना १ टक्क्याचं द्रावण पुरतं. कॅनवर १० टक्के लिहिलं असेल तर १ भाग हायपो, ९ भाग पाणी. ५ टक्के असेल तर १ भाग हायपो आणि ४ भाग पाणी. थंड पाणी घ्या, रोजचं रोज करा. जास्त झोंबणारा वास म्हणजे जास्त स्वच्छता, हा समज पक्का झालेला आहे आणि तो चुकीचा आहे.

अमोनियाचा धोका काहीसा लपलेला असतो. काच पुसण्याच्या काही द्रवांत तो असतो, आणि साठून जुन्या झालेल्या लघवीतही तयार होतो. बेडपॅनमध्ये किंवा फरशीवर लघवी असताना त्यावर थेट हायपो टाकलं, तर क्लोरामाइन वायू होतात आणि डोळे, घसा झोंबतात. म्हणून आधी लघवी ओतून द्या किंवा टिपून घ्या, पाण्याने धुवा, मग हायपो लावा. हा नियम मूत्राच्या पिशव्या रिकाम्या करणाऱ्या सर्वांना सांगून ठेवावा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर घराघरांत ब्लिचिंग पावडर टाकली गेली. ती कोरडी असली तरी हायपोचीच नातलग. पावडरीचा थर असलेल्या फरशीवर डाग काढायला ॲसिड ओतू नका. आधी झाडून, धुऊन घ्या.

वायू सुटलाच तर. फसफस एकटी खूण नाही, कारण क्षारावर ॲसिड पडलं तरी फसफसतं. स्विमिंग पुलासारखा पण बोचरा वास आला, लगेच ठसका आला, डोळ्यांतून पाणी आलं, कधी हिरवट-पिवळी छटा दिसली, की तिथं थांबू नका. हातातलं ठेवून मोकळ्या हवेत निघा आणि वॉर्डाकडचं दार लावून घ्या. 'थोडं पाणी टाकून बघतो' म्हणून परत आत जाणं हे सर्वात धोक्याचं. ओला रुमाल, कापडी मास्क, दवाखान्यातला एन-९५ मास्कही हा वायू अडवत नाही, कारण तो कणांसाठी असतो. जवळच्या खोलीतले पेशंट, विशेषतः दम्याचे, आधी हलवा.

बाहेर आलेल्या माणसाला बसतं ठेवा, कपड्यांवर द्रव सांडलं असेल तर ते उतरवा, डोळे साध्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. १०८ ला फोन करा आणि कोणते दोन द्रव मिसळले ते सांगा. बाटल्यांच्या चिठ्ठ्यांचा फोटो असला तर उत्तम. गूळ खायला घालणं किंवा दूध पाजणं याने फुप्फुसातल्या वायूवर काही होत नाही. दवाखान्यात ऑक्सिजन आणि श्वासनलिका मोकळी करणारी औषधाची वाफ देतात. क्लोरीनला वेगळा उतारा नाही. एक गोष्ट घरच्यांना नक्की सांगावी: माणूस सुरुवातीला बरा वाटला तरी काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. म्हणून जोराचा ठसका, छातीत आवळल्यासारखं किंवा दम लागत असेल, तर 'आता बरं आहे' म्हणून घरी न्यायची घाई करू नका, डॉक्टर सांगतील तोवर निरीक्षणाखाली ठेवा.

खोली परत वापरण्याआधी बाहेरूनच खिडकी उघडता आणि बाहेर हवा सोडणारा पंखा चालू करता येत असेल तर करा. वास पूर्ण गेल्यावरच, दुसऱ्या माणसाला दारात उभं करून, आत जा आणि नुसतं भरपूर पाणी ओता. त्या दिवशी तिथं ॲसिड नको आणि हायपोही नको.