रीच सोडा, गल्ल्यात किती?

ऑनलाइन जाहिरातींच्या कामात नव्याने आलेल्यांना कधी ना कधी व्यापारी संघटनेच्या बैठकीत "दहा मिनिटं बोला" असं आमंत्रण येतं. मला नाशिकमध्ये दोनदा आलं. पहिल्यांदा मी जाहिरात किती जणांपर्यंत पोहोचली तो रीच, किती वेळा दिसली ती इम्प्रेशन, किती जणांनी प्रतिसाद दिला ती एंगेजमेंट, असं सगळं पडद्यावर दाखवलं. तिसऱ्या स्लाइडला मेन रोडच्या एका कापडवाल्या काकांनी हात वर केला. "ताई, हे रीच म्हणजे गल्ल्यात किती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा झाला, लोक पांगले.

दुसऱ्या वेळी मी लॅपटॉप नेलाच नाही. नेली ती एक दोनशे पानी वही.

ती वही भांडी बाजारातल्या एका दुकानाची. मालक काका तांब्या-पितळेचे जुने व्यापारी. त्यांच्या भाच्याने आधी एकदा मोबाइलवरून फेसबुकवरचं `Boost` बटण दाबून, म्हणजे पोस्टचीच जाहिरात करून, दोन हजार घालवले होते. सव्वातीनशे लाइक आले आणि गिऱ्हाईक एकही नाही. त्यामुळे काकांचा विश्वास उडालेला. सभेत बसलेल्या बहुतेकांची गोष्ट हीच असते, म्हणून मी सुरुवात तिथूनच केली. "तुमचे पैसे वाया गेले हे खरं आहे, पण ते कुठे गेले ते बघू." त्या जाहिरातीत नाशिक एवढंच टाकलं होतं. शहराचं नाव निवडलं की भोवती 40 किलोमीटरचं वर्तुळ आपोआप धरलं गेलं होतं. म्हणजे सिन्नर आणि दिंडोरीपर्यंत. आणि उद्देश होता लाइक मिळवण्याचा. जे मागितलं तेच मिळालं.

काकांशी मी आधी जाहिरातीबद्दल बोललेच नाही, तोट्याबद्दल बोलले. किती रुपये गेले तर झोप उडणार नाही? ते म्हणाले, तीन हजार. ठरलं: दहा दिवस, तीन हजार, वर एक रुपया नाही. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3,540. नियमित जीएसटी भरणाऱ्याने जाहिरात खात्यात आपला नंबर टाकला तर हे 540 क्रेडिटमध्ये घेता येतात. काका छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत, त्यांना क्रेडिट नाही, म्हणून खर्च पूर्ण 3,540 धरला. हा बारकावा सभेत आवर्जून सांगा. तो ऐकला की समोरच्यांना पटतं की ही बाई हिशोबातली आहे.

मग पुढचं गणित. भांड्यावर काकांना साधारण 20 टक्के सुटतात. 3,540 भागिले 0.20 म्हणजे 17,700. एवढा जास्तीचा माल विकला गेला तर जाहिरात फुकटात पडली. हा आकडा जाहिरात लावण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा. नंतर लिहिलेला आकडा आपल्या सोयीने हलतो.

जाहिरात भांड्यांची केली नाही, कल्हईची केली. नवं पातेलं घेताना लोक चार दुकानं फिरतात. पण माळ्यावरचं आजीचं पितळी पातेलं कुठे न्यावं, हा घरोघरचा प्रश्न आहे. दुकानाच्या मागच्या बोळात कल्हईवाले बसतात, तिथे वीस सेकंदांचा व्हिडिओ घेतला. तापलेल्या पातेल्यात नवसागर पडतो, पांढरा धूर उठतो, कथिलाचा थेंब आणि कापसाचा बोळा फिरतो, आणि काळवंडलेलं तळ चांदीसारखं उजळत जातं. संगीत नाही, नुसता भात्याचा आवाज. खाली एकच बटण, व्हॉट्सॲपवर मेसेज करण्याचं. मेसेजमध्ये आधीच लिहिलेलं: "कल्हई करायची आहे". हे शब्द आले की गिऱ्हाईक जाहिरातीतून आलं, असं ओळखायचं.

मांडणी फेसबुकच्या Ads Manager मधून केली. दुकानावर पिन टाकून 8 किलोमीटरचं वर्तुळ घेतलं. जाहिरात एकच ठेवली. नवी मुलं इथे हमखास चुकतात: तीन हजारांत चार जाहिराती लावतात आणि रोज काहीतरी बदलतात. फेसबुकची यंत्रणा शिकायला आठवड्याला साधारण 50 प्रतिसाद मागते. आपल्या बजेटात तेवढे येणं आधीच कठीण, त्याचे चार तुकडे केले तर ती काहीच शिकत नाही. बदल केला की शिकणं पुन्हा सुरू होतं. लावा आणि हात बांधून बसा.

वहीत रकाने पाच: तारीख, मेसेज, दुकानात आले का, जुने की नवे, बिल. दहा दिवसांत 38 मेसेज आले. त्यात 11 नुसते "हाय" करून गायब. प्रत्यक्ष दुकानात 14 जण आले. त्यातले तीन काकांचे जुनेच. ते तसेही आले असते, म्हणून खोडले. हे खोडणं सभेत दाखवलं तेव्हा मागच्या रांगेतले दोघं पुढे सरकून बसले. उरले 11. सात जणांनी फक्त कल्हई करून घेतली. कल्हईवाल्याची मजुरी देऊन काकांना त्यातून 1,400 राहिले. बाकी चौघांनी मिळून 8,500 ची भांडी घेतली, त्यात 1,700 सुटले. एकूण 3,100. खर्च 3,540.

म्हणजे 440 रुपयांचा तोटा. मी सभेत हा आकडा मोठ्याने वाचला आणि थांबले. कापडवाले काका हसून म्हणाले, "मग आम्हाला कशाला सांगताय?"

मी वहीचं मधलं पान उघडलं. 38 पैकी 16 मेसेज रात्री नऊनंतरचे होते, आणि त्यांना उत्तर गेलं दुसऱ्या दिवशी अकराला, काका दुकान उघडून देवाला दिवा लावल्यावर. त्या सोळातून दुकानात आलं फक्त एक जण. उरलेल्या 22 मधून 13. पैसे जाहिरातीत बुडाले नव्हते, शटरच्या वेळेत बुडाले होते. त्यावर उपाय असा: रोजच्या बजेटऐवजी Lifetime budget, म्हणजे सगळ्या दिवसांचं मिळून एकच बजेट निवडायचं, मग जाहिरात ठरावीक तासांतच दाखवता येते. नाहीतर सुनेने रात्री मोबाइल बघायचा. काकांनी पहिला मार्ग घेतला, सकाळी दहा ते संध्याकाळी सात. दुसरी फेरी त्या आठवड्यात सुरूच होती, म्हणून तिचे आकडे मी सांगितले नाहीत. नऊ-दहा मेसेजवरून "चाललं" म्हणायचा मोह होतो, पण एवढ्या थोड्या आकड्यांत दोन गिऱ्हाइकं इकडची तिकडे झाली तरी निकाल उलटतो.

प्रश्नांच्या वेळी रविवार कारंज्याचे एक किराणावाले उठले. त्यांना किती सुटतात विचारलं. म्हणाले, सरासरी सहा टक्के. तिथेच भागाकार केला: 3,540 भागिले 0.06 म्हणजे 59,000. दहा दिवसांत एवढा जास्तीचा माल, तोही नव्या गिऱ्हाइकाला. "शेठ, तुम्ही नका करू," मी म्हणाले. "गुगलवर दुकानाची नोंद, वेळ आणि फोटो नीट करा, त्याला पैसे पडत नाहीत." सभागृहात पहिल्यांदा कुजबूज झाली. नंतर चहाच्या टेबलाशी माझ्याकडे आले ते कापडवाले काका. जाहिरातीबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. वही हातात घेतली, खोडलेल्या तीन नावांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अशी एक वही आम्हाला आखून द्याल? साड्यांसाठी."