टिपणांच्या वह्यांचं पुस्तक करताय? आधी या चुका टाळा

धुळ्यातल्या आमच्या टायपिंगच्या दुकानात उन्हाळा लागला की एखादे तरी निवृत्त गुरुजी बाजाराच्या पिशवीत वह्या घेऊन येतात. म्हणतात, "चाळीस वर्षांचं आहे, पावसाळ्याआधी पुस्तक काढून टाकू." मी पाणी देतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "सर, चिठ्ठ्या हलवल्या तर नाही ना?" बहुतेकांनी हलवलेल्या असतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. हिच्यापुढे बाकीच्या चुका किरकोळ.

आमच्या एका सरांचंच सांगतो. मी त्यांचा विद्यार्थी, त्यामुळे सांगण्याचा हक्क आहे. साक्री तालुक्यात नोकरी झाली. रविवारी एसटीने पांझरेकाठच्या गावांत जायचं आणि फडाच्या पाण्याबद्दल म्हाताऱ्यांना विचारायचं, हा त्यांचा छंद. फड म्हणजे बंधाऱ्याखालच्या जमिनीचा वाटा, ज्यात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस, दुसऱ्यात दुसरं काही, पुढच्या वर्षी अदलाबदल. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि सगळा कारभार गावाच्या हातात. सरांनी हे सगळं २३ वह्यांत आणि सहाशेच्या आसपास सुट्या चिठ्ठ्यांवर उतरवलं होतं. चिठ्ठ्या म्हणजे लग्नपत्रिकांच्या पाठी, परीक्षेच्या कोऱ्या पुरवण्या, दिनदर्शिकेची फाडलेली पानं.

सुट्टीत नातू आला. दोघांनी दोन दिवस ओसरीवर बसून सगळ्या चिठ्ठ्यांचे विषयवार ढीग केले: पाणी, पिकं, माणसं, भांडणं, शब्द. टाचण्या काढून टाकल्या आणि प्रत्येक ढिगाला रबर लावलं. सर खूश, नातूही खूश.

मी टाइप करायला बसलो तर तिसऱ्याच चिठ्ठीवर होतं, "तेच सांगतात, सांडव्यावरून पाणी गेलं त्या वर्षी खालच्या फडातला ऊस गेला." तेच म्हणजे कोण? सरांनी नाव पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, पुढच्या चिठ्ठ्यांवर नुसतं "तेच". पहिली चिठ्ठी आता माणसांच्या ढिगात, ही पाण्याच्या ढिगात. अशा ६४ चिठ्ठ्या निघाल्या. सांगणारा कोणत्या गावचा, म्हणजे कोणत्या बंधाऱ्याचा, हेच कळेना. मग त्या वाक्याचं पुस्तकात करायचं काय?

जुळवायला आम्हाला दीड महिना लागला. टाचणीच्या गंजाचे डाग एकावर एक बसतात का ते पाहिलं. शाई पाहिली. फाटलेल्या कडा जोडून पाहिल्या. एसटीत लिहिलेल्या चिठ्ठ्यांचं अक्षर हलतं, तो एक वेगळा गट झाला. यातून ५५ चिठ्ठ्यांना मालक मिळाले.

म्हणून माझी पद्धत, पटली तर घ्या. ढीग करायच्या आधी, पिशवीतून जसं बाहेर येईल त्याच क्रमाने प्रत्येक पानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्रमांक टाकायचा. वही सातवी, पान बेचाळीस, म्हणजे ७/४२. टाचलेल्या चिठ्ठ्यांना एकच क्रमांक आणि पुढे अ, आ, इ. पेन्सिलनेच. पेन पातळ कागदातून पलीकडे उतरतं आणि चुकलं तर खोडता येत नाही. मग खिडकीशी, फ्लॅश न लावता, त्याच क्रमाने मोबाइलवर फोटो. फोटोला नाव `07_042.jpg` असं द्यायचं. पुढचं शून्य आळसाने गाळू नका, नाहीतर बऱ्याच ठिकाणी `7_10.jpg` हे `7_2.jpg` च्या आधी येऊन बसतं. ढीग करायचे ते या फोटोंच्या झेरॉक्सचे, मूळ कागदांचे नाहीत. आणि एका लाँगबुकात तीन रकाने: क्रमांक, कोणी कुठे कधी सांगितलं, कोणत्या प्रकरणात जाणार. तिसरा रकाना सरांनी निम्म्या वेळा रिकामा ठेवला. तो रिकामा राहिला तरी चालतो, दुसरा नाही.

लोक म्हणतात, एवढं कोण करतं! वीस वह्यांना आठवडा लागतो. आमचा दीड महिना वर सांगितलाच आहे.

दुसरी चूक टायपिस्टची, म्हणजे आमच्याच जातकुळीची: अहिराणी "सुधारणं". सरांनी एका आजीबाईंचं बोलणं जसंच्या तसं टिपलं होतं. त्यात "पाटनं पानी" होतं. आमच्या दुकानातल्या नव्या पोराने, पुण्याहून शिकून आलेला, ते "पाटानं पाणी" केलं. त्याला वाटलं, लिहिताना काना राहिला. पण अहिराणीत "पाटनं पानी" म्हणजे पाटाचं पाणी. "पाटानं पाणी" म्हणजे पाटाने आलेलं पाणी. एका कान्याने षष्ठीची तृतीया झाली. आजीबाई पाण्यावरचा हक्क सांगत होत्या आणि छापात ते पाणी नुसतं वाहत आलं. सर पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले, पोरावर नाही. बरोबरच होतं, वाचून मी सोडलं होतं.

तेव्हापासून बोलीतला मजकूर मी वेगळ्या रंगात टाइप करतो आणि त्याला कोणी हात लावायचा नाही, शुद्धलेखन तपासणारानेही नाही. टिपणात एकाच शब्दाची दोन रूपं दिसली तर दोन्ही ठेवतो. लेवा बोली बोलणारा माणूस आणि अहिराणी बोलणारा माणूस एकाच वहीत भेटणारच, ही खान्देशातली वही आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडते आणि अक्षर घेऊन निघते. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फिकट पेन्सिलचं अक्षर वाचताच येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून नंतर युनिकोडमध्ये बदलू, असं म्हणणाऱ्याला माझ्या दुकानात चहा मिळत नाही: "पांझरेकाठच्या म्हाताऱ्या" यातला ऱ्य संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो, दिसतो सारखाच, पण शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. मग सूचीत तोच शब्द दोनदा येतो.

शकाचं मात्र जपा. नुसते ७८ मिळवून मोकळे होऊ नका. सरांच्या एका नकलेत "शके १८२१ माघ" होतं आणि मी बेधडक १८९९ टाइप केलं. माघ येतो जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे तिथे ७९ मिळवायचे. साल झालं १९००. दुष्काळाच्या प्रकरणात त्याच पानावर "पाऊस नाही, बंधारा कोरडा" असं होतं, त्यामुळे सरांना पावसाळा कोणता ते समजायला हवं होतं. वर्ष चुकतं तसा पावसाळाही चुकतो.

राहिल्या नऊ चिठ्ठ्या. मी म्हटलं, "सर, 'एका शेतकऱ्याच्या सांगण्यानुसार' असं लिहू." सर म्हणाले, "कोणत्या शेतकऱ्याच्या? मला माहीत नाही, तर वाचकाला काय सांगू?" दोन चिठ्ठ्यांतला मजकूर दुसऱ्यांनीही सांगितलेला होता, म्हणून त्या गाळल्या. सात चिठ्ठ्या बुटाच्या खोक्यात आहेत, खोक्यावर पेन्सिलने "कोण?" लिहिलंय. गेल्या रविवारी सर त्यातली एक खिशात घालून सकाळच्या एसटीने साक्रीकडे गेले. हस्तलिखितात ती जागा मी कोरी ठेवली आहे.